त्याच मापाचा पाइप टाकल्याने शाफ्टची ताकद वाढत नाही, घटते

फिरत असलेली पोस्ट: “पोकळ शाफ्ट भरीव शाफ्टपेक्षा मजबूत असतो, कारण मधलं मटेरियल काही कामाचं नसतं. स्क्रू कन्व्हेयरचा जड भरीव शाफ्ट काढा, त्याच मापाचा पाइप टाका. वजन पाव होईल, ताकद वाढेल. शाफ्टचा साइज एचपीवर ठरतो, १० एचपीला ४० मिमी भरपूर झाला. तरी भीती वाटली तर ईएन-२४ घ्या, म्हणजे पीळही पडणार नाही.”

आधी एचपीचा मुद्दा घेऊ. शाफ्टवर किती टॉर्क येतो हे कळल्याशिवाय पाइपबद्दल काहीच ठरवता येत नाही.

शाफ्टला एचपी कळत नाही, टॉर्क कळतो. तेवढीच पॉवर हळू फिरवून द्यायची असेल तर टॉर्क त्या प्रमाणात वाढतो:

```
T = 9550 × P / N
(T: N·m,  P: kW,  N: rpm)
```

पोस्टमधलाच स्क्रू कन्व्हेयर घेऊ. मोटर १० एचपी, म्हणजे नेमप्लेटवर ७.५ किलोवॉट, १४४० आरपीएम. पुढे १:२० चा गिअरबॉक्स, म्हणून स्क्रू ७२ आरपीएमने फिरतो. मोटरच्या शाफ्टवर टॉर्क येतो सुमारे ५० न्यूटन-मीटर. गिअरबॉक्समधला तोटा सोडून दिला तर स्क्रूच्या शाफ्टवर येतो सुमारे ९९५ न्यूटन-मीटर. मोटर तीच आणि एचपी तेच, पण टॉर्क वीसपट.

शाफ्टचा व्यास टॉर्कच्या घनमुळाने वाढतो, म्हणून वीसपट टॉर्कला व्यास साधारण २.७ पट लागतो:

```
d = ∛( 16 T / (π τ) )
(T: N·mm,  τ: N/mm²,  d: mm)
```

साध्या एमएस किंवा ईएन-८ च्या, की-वे कापलेल्या शाफ्टला शिअर ताण ४० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरच्या, म्हणजे ४० मेगापास्कलच्या आत ठेवायची जुनी आणि चांगली पद्धत आहे. कन्व्हेयरमध्ये माल अडकतो, धक्के बसतात, म्हणून टॉर्क दीडपट धरू: १५०० न्यूटन-मीटर. उत्तर येतं ५७.६ मिमी, म्हणजे बाजारात मिळणारा ६० मिमी. मोटरच्या बाजूला याच हिशोबाने २१.२ मिमी येतो.

मग ४० मिमी आला कुठून? १० एचपीच्या चार पोलच्या मोटरचा शाफ्ट ३८ मिमीचा असतो (१३२ फ्रेम), आणि बहुधा तोच आकडा उचलून सगळीकडे लावला जातो. मोटर बनवणारा तो ३८ ठेवतो कारण पुलीवरच्या बेल्टची ओढ शाफ्टला वाकवते, आणि एकाच फ्रेममध्ये वेगवेगळ्या पॉवरच्या आणि पोलच्या मोटरी बसवायच्या असतात. गिअरबॉक्सच्या पलीकडे हा आकडा नेण्यात काही अर्थ नाही.

स्क्रूला ४० मिमी टाकला तर नेहमीच्या चालीत ताण ७९ मेगापास्कल येतो. एमएसचा शाफ्ट त्यावर लगेच तुटत नाही, आणि म्हणूनच ही सवय टिकते. पण माल ठासून बसला आणि स्क्रू अडकला की मोटर थांबण्याआधी आपल्या नेहमीच्या टॉर्कच्या दोन ते अडीच पट जोर लावते. ७९ च्या सव्वादोन पट म्हणजे जवळपास १७८ मेगापास्कल, आणि एमएस साधारण १४५ च्या आसपास कायमचा पिळायला लागतो. अशा दोन-चार अडकण्यांनंतर शाफ्ट दिसायला सरळ असतो, पण की-वे तिरका झालेला असतो. ओळखायची सोपी खूण आहे: शाफ्ट नवा असताना त्याच्या लांबीवर स्क्राइबरने एक सरळ बारीक रेघ मारून ठेवा. काही महिन्यांनी ती रेघ थांबलेल्या मशीनवर स्क्रूसारखी वळलेली दिसली, तर शाफ्टने आपली मर्यादा एकदा तरी ओलांडली आहे. पुढची पायरी म्हणजे की-वेच्या कोपऱ्यातून ४५ अंशांत निघणारी चीर.

व्हीएफडीबद्दल इथेच एक खुलासा. व्हीएफडीने मोटर निम्म्या वेगाने चालवली म्हणून शाफ्ट जाड करावा लागत नाही. कमी हर्ट्झला मोटर टॉर्क तेवढाच देते, पॉवर निम्मी होते. टॉर्क गिअरबॉक्स वाढवतो.

आता मधल्या मटेरियलबद्दल. पिळामुळे येणारा ताण मध्यावर शून्य असतो आणि बाहेरच्या पृष्ठभागावर सर्वांत जास्त, इथपर्यंत पोस्टचं म्हणणं बरोबर आहे. पण कमी काम करणारं मटेरियल काढलं तर ताकद थोडी कमी होते, वाढत नाही. बाहेरचा व्यास D तोच ठेवून d व्यासाचा बोअर मारला तर उरलेली ताकद अशी:

```
पोकळ / भरीव = 1 − (d/D)⁴
```

बोअर निम्म्या व्यासाचा असेल तर वजन २५ टक्के कमी होतं आणि ताकद फक्त ६.२५ टक्के. हा सौदा उत्तम आहे. बोअर ०.६ असेल तर वजन ३६ टक्के जातं, ताकद १३ टक्के. पण ०.८ ला गेलात की ताकद ४१ टक्के गेलेली असते. बाजारातला पाइप तर त्याच्याही पुढे असतो.

‘त्याच मापाचा’ पाइप म्हणून ६० मिमीच्या जागी सहसा ५० एनबीचा हेवी पाइप येतो: बाहेरून ६०.३ मिमी, भिंत ४.५ मिमी, म्हणजे आतला व्यास ५१.३. गुणोत्तर ०.८५. वजन मीटरला २२.२ किलोवरून ६.२ किलोवर येतं, पावाच्या जवळपास, हे खरं. पण दीडपट टॉर्कला भरीव शाफ्टवर ताण ३५ मेगापास्कल होता, तो पाइपवर ७३ होतो. ताकद निम्म्याहूनही कमी झाली.

त्याहून मोठी अडचण लेथवर नाही, स्लॉट कापताना कळते. ६० मिमी शाफ्टला १८ × ११ ची की लागते आणि तिची खाच शाफ्टमध्ये ७ मिमी खोल असते. पाइपची भिंत साडेचार मिमी. कटर थेट आरपार जातो. मग पाइपच्या तोंडात भरीव तुकडा घालून बाहेरून एक वेल्ड फिरवला जातो, आणि सगळा टॉर्क त्या वेल्डच्या कडेवर, पाइपच्या तापून बदललेल्या पट्ट्यावर येतो. असे शाफ्ट बहुतेक तिथेच तुटतात.

पोकळ शाफ्टचा खरा फायदा बाहेरचा व्यास वाढवल्यावर मिळतो. वजन तेवढंच ठेवून मटेरियल बाहेर सरकवलं, तर ०.६ गुणोत्तराचा पोकळ शाफ्ट त्याच वजनाच्या भरीव शाफ्टपेक्षा १.७ पट टॉर्क घेतो. पोस्टमधलं पहिलं वाक्य या एका अटीवर बरोबर आहे, आणि नेमकी तीच अट गाळलेली आहे.

आपल्या कन्व्हेयरला हे लावून बघा. ८० एनबीचा हेवी पाइप घ्या: बाहेरून ८८.९ मिमी, भिंत ४.८ मिमी. त्याच १५०० न्यूटन-मीटरला ताण ३० मेगापास्कलच्या आत राहतो, म्हणजे ६० मिमी भरीवपेक्षाही कमी, आणि वजन मीटरला १० किलोच्या आसपास, म्हणजे निम्म्याहून कमी. स्क्रू कन्व्हेयरचा मधला भाग पाइपचाच असतो तो याच कारणाने.

पण दोन्ही टोकांना, जिथे बेअरिंग, की आणि कपलिंग येतात, तिथे ६० मिमीचा भरीव ईएन-८ चा तुकडाच लागतो. तो नुसता वेल्ड करण्यापेक्षा पाइपच्या आत जाड कॉलर बसवून आडव्या बोल्टांनी धरा. दोन एम-१६ बोल्ट आरपार घातले तर चार ठिकाणी शिअर मिळतो. शाफ्टच्या ३० मिमी त्रिज्येवर दर ठिकाणी १२,५०० न्यूटन येतात, म्हणजे साधारण ६२ मेगापास्कल. ८.८ ग्रेडचे बोल्ट असतील आणि शिअरच्या जागी आटे नसून सपाट दांडा असेल, तर हे आरामात चालतं. भोकं मात्र पाइप आणि तुकडा एकत्र बसवूनच पाडायची आणि रीमर फिरवायचा. वेगवेगळी पाडली तर एकच बोल्ट भार घेतो आणि भोक लांबट होत जातं. जोडाच्या फटीतून तांबूस भुकटी यायला लागली, तर तिथे घासणं सुरू झालं आहे. बोल्ट आवळून ते थांबत नाही, भोक मोठं रीम करून पुढच्या मापाचा फिट बोल्ट घालावा लागतो.

हा सगळा हिशोब निव्वळ पिळाचा आहे. त्याच शाफ्टवर चेन स्प्रॉकेट किंवा पुली असेल तर वाकवणारा मोमेंट M सुद्धा धरावा लागतो, आणि T च्या जागी √(M² + T²) घालून व्यास पुन्हा काढावा लागतो. दोन बेअरिंगमधलं अंतर जास्त असेल तर हाच भाग मोठा ठरू शकतो.

राहिला ईएन-२४. तुटण्याच्या बाबतीत त्याचा उपयोग आहे. हार्डन आणि टेम्पर केलेला ४० मिमीचा ईएन-२४ वर काढलेले १७८ मेगापास्कल कायमचा न पिळता सहन करेल. पण चालताना किती अंश पीळ पडतो हे स्टीलच्या मजबुतीवर ठरत नाही, ताठपणावर ठरतं:

```
θ = T L / (G J)
```

इथला L म्हणजे लांबी, आणि G म्हणजे स्टीलचा पिळाविरुद्धचा ताठपणा. तो एमएस, ईएन-८, ईएन-२४, सगळ्या स्टीलला जवळजवळ एकच असतो, सुमारे ८०,००० मेगापास्कल. हीट ट्रीटमेंटनेही तो लक्षात येण्याएवढा बदलत नाही. बदलतो तो शाफ्टच्या छेदाच्या मापावर ठरणारा J, आणि तो व्यासाच्या चौथ्या घाताने. ३ मीटर लांबी आणि ९९५ न्यूटन-मीटर धरा. ६० मिमी भरीवला पीळ १.७ अंश पडतो, ८० एनबी पाइपला ०.९५ अंश. ४० मिमीला, मग तो एमएस असो वा ईएन-२४, साडेआठ अंश. एवढा पिळणारा शाफ्ट सुरू होताना आधी गुंडाळला जातो आणि मग झटक्याने सुटतो. ते झटके की, कपलिंग आणि गिअरच्या दातांवर येतात.

ईएन-२४ तिथे घ्यावा, जिथे बेअरिंगच्या बोअरमुळे व्यास वाढवताच येत नाही आणि लांबी कमी आहे. घेताना ‘हार्डन अँड टेम्पर’ केलेला मागा आणि हार्डनेसचा रिपोर्ट सोबत घ्या, कारण अॅनील केलेल्या अवस्थेतला ईएन-२४ महाग असूनही ती मजबुती देत नाही. की-वेच्या तळाच्या कोपऱ्यांना बारीक गोलाई ठेवायला सांगा. मजबूत स्टील तीक्ष्ण खाचेला साध्या स्टीलपेक्षा जास्त संवेदनशील असतं, आणि महाग शाफ्टलाही चीर तिथूनच जाते.