वरीलप्रमाणे

माझी कथा छापून आली आहे आणि मी ती कुणालाही वाचायला देत नाहीये. तिचं काय झालं, ते सांगतो.

कथा छोटी आहे. एक आजोबा नातीच्या वाढदिवसाला दर वर्षी कार्ड पाठवतात आणि त्यात दर वर्षी एकच ओळ लिहितात: ‘मोठी हो, पण घाई करूं नकोस.’ खाली सही. बस. ‘रूं’वरचं टिंब नीट पाहून ठेवा. पुढचा सगळा तमाशा त्या टिंबाचा आहे.

ही असली कथा लिहायला सोपी वाटते, कारण अर्धा मजकूर तोच तोच असतो. प्रत्यक्षात ओळ हलत नाही म्हणून बाकी सगळं हलवावं लागतं. पाचव्या वाढदिवसाला ती ओळ नुसती गोड असते. दहाव्या वर्षी वाचकाला ती ओळखीची वाटायला हवी, तेराव्या वर्षी नात वैतागते आणि वाचक हसतो. सोळाव्या वर्षी ती नापास झालेली असते, त्यामुळे तीच ओळ तिला टोमण्यासारखी लागते आणि ती कार्ड फाडते. एकविसाव्या वर्षी ती भलत्याच माणसाशी घाईघाईने लग्न ठरवून बसलेली असते, आणि तेव्हा ती कार्ड उघडतच नाही. मधली वर्षं एका वाक्यात उडवायची. सगळी कार्डं दाखवली तर कथेचं हजेरीपत्रक होतं. आणि आजोबा असं का लिहितात, हे अजिबात सांगायचं नाही. सांगितलं की ते आजोबा राहत नाहीत, सुविचार होतात.

शेवट असा: चोविसाव्या वर्षी कार्ड येतं. तीच ओळ, तेच वळण, तीच सही. फक्त ‘करू’वर टिंब नाही. आजोबा जुन्या शाळेतले, अनुच्चारित अनुस्वार देणारे. त्यांच्या हातून ते टिंब कधी सुटलेलं नाही. म्हणजे हे कार्ड आजोबांनी लिहिलेलं नाही. त्यांचा हात आता चालत नाही आणि घरातलं कुणीतरी त्यांचं अक्षर गिरवतंय. नात हे ओळखते आणि फोनवर नेहमीसारखं ‘कार्ड मिळालं’ एवढंच म्हणते. कथा संपली.

मासिकाकडून प्रूफं आली. मी उघडली. पाचव्या वाढदिवसाला ओळ होती, टिंबाशिवाय. दहाव्या वाढदिवसाला लिहिलं होतं: ‘आजोबांनी कार्डावर वरीलप्रमाणे लिहिले होते.’ तेराव्याला, ‘पुन्हा वरीलप्रमाणे.’ सोळाव्याला नातीने ‘वरील मजकुराचे कार्ड’ फाडलं होतं.

मी फोन लावला. मुद्रितशोधकांनीच उचलला. आवाज अत्यंत समाधानी.

“हो, हो, तुमचीच कथा ना! अहो, एकच वाक्य किती वेळा आलंय त्यात. कॉपी-पेस्टमध्ये होतं असं. मी काढून टाकलंय, काळजी करू नका.”

“ते मुद्दाम आहे,” मी म्हटलं. “आजोबा दर वर्षी तेच लिहितात.”

“तेच लिहितात ना? मग एकदा दिलं की झालं. वाचकाच्या लक्षात राहतं. पाव पान वाचलं तुमचं.”

माझं पाव पान वाचवून त्यांनी तिथे काय टाकलं, ते अंक आल्यावर कळलं. जाहिरात. मानधनाचा विषय निघाला की याच मासिकाला साहित्यसेवा आठवते. असो. मी टिंबाकडे वळलो.

“आणि ते ‘करूं’वरचे अनुस्वार?”

“काढले.” स्वर एकदम गंभीर झाला. “तुम्ही लेखक मंडळी, तुम्हाला कल्पना नसते. 1962 साली नियम झाले. ज्या अनुस्वाराचा उच्चार नाही, तो द्यायचा नाही. 1972 साली भर पडून नियम अठरा झाले. मला पाठ आहेत.”

“पण आजोबा 1962च्या आधी शाळेत गेलेत.”

“अंक आत्ता निघतोय.”

याला उत्तर नव्हतं. तरी मी म्हटलं, “जुनं लेखन मुळाबरहुकूम छापायची सवलत नियमांतच आहे ना?”

“आहे की!” त्यांना इतका आनंद झाला की क्षणभर मला वाटलं, जिंकलो. “केशवसुतांच्या पूर्वीचं पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पूर्वीचं गद्य. तुमच्या आजोबांनी कार्ड कधी लिहिलं?”

चिपळूणकर 1882 साली वारले. त्यांच्या पूर्वीचे आजोबा आणायचे, तर नातीऐवजी पणतीची खापरपणती घ्यावी लागली असती. मी शेवटचा मुद्दा काढला. पात्राच्या तोंडी बोली असेल तर तशीच लिहायला नियमांची हरकत नाही, आणि आजोबा पात्र आहेत.

“तोंडी,” ते शांतपणे म्हणाले. “आजोबांनी लेखी दिलंय.”

या माणसाला मी मनातल्या मनात बरंच काही बोललो. पण खरं सांगू, चीड त्याची नाही. नियम त्याला पाठ होते आणि तो ते पाळत होता. चीड याची की त्याने कथा अक्षर न् अक्षर वाचली होती, माझ्या बायकोने वाचली नाही इतकी बारकाईने, आणि ती वाचलीच नव्हती. मला एक वाचक हवा होता. मिळाला तो लेखापरीक्षक. हल्ली लोक कार्डंही अशीच वाचतात म्हणा. आत चार ओळींची तयार कविता छापलेली असते, पाठवणारा खाली नाव टाकतो, घेणारा ते नाव बघतो आणि दोघांचंही काम होतं. हाताने लिहायला जागाच ठेवत नाहीत.

मग मी त्यांना शेवट समजावून सांगितला. आपलीच कथा फोनवर समजावण्यासारखा अपमान नाही. विनोद समजावून सांगणारा निदान स्वतः हसू तरी शकतो. आधी टिंब, मग टिंब नाही, म्हणून अक्षर दुसऱ्याचं. पलीकडे बराच वेळ शांतता.

“अच्छा,” ते म्हणाले. “म्हणजे शेवटच्या कार्डात टिंब नव्हतं ते मुद्दाम? मला वाटलं, तेवढं एकच ठिकाण तुम्ही शुद्ध लिहिलंय. मी समासात बरोबरची खूणसुद्धा केली होती.”

“आता काय करता येईल?”

“करतो ना. कथेचा प्राण आहे म्हणताय तर टिंबं परत घालतो. ओळीही घालतो. नियमाला अपवाद म्हणून संपादकांची सही घेतो.” आवाज जरा दुखावलेला होता, पण माणूस शब्दाला जागला. अंक आला. सगळ्या ओळी जागेवर. पाचव्या वर्षी टिंब, दहाव्या वर्षी टिंब, फाडलेल्या कार्डावर टिंब.

चोविसाव्या वर्षीसुद्धा टिंब.

मी पुन्हा फोन केला.

“एक राहिलं होतं तुमचं,” ते म्हणाले. “एकरूपतेसाठी मीच घातलं.”