आधी पाटी, मग पगार

जर्मनीत कराचा नंबर मिळवायला अर्जच करावा लागत नाही. ऐकायला छान वाटतं. पण रेशनकार्डापासून गॅसजोडणीपर्यंत जन्मभर अर्ज भरत आलेल्या माणसाला यानेच घाम फुटतो. अर्ज नाही, तर पाठपुरावा कशाचा करायचा? साहेबांना गाठायचं कुठे? ओळख काढायची कुणाची?

राहायला आल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात जाऊन पत्त्याची नोंद करायची. तिला अनमेल्डुंग म्हणतात. भाडेकरार दाखवून भागत नाही. 'हा इसम अमुक तारखेला माझ्या घरात राहायला आला' असा घरमालकाच्या सहीचा वेगळा कागद लागतो. एवढं झालं की नोंद आपली आपण केंद्रीय कर कार्यालयाकडे जाते आणि तिथून अकरा आकडी कराचा नंबर, म्हणजे श्टॉयर-आयडी, काही आठवड्यांत टपालाने येतो. फोनवर सांगत नाहीत, ईमेल करत नाहीत. हरवला म्हणून पुन्हा मागितला, तरी उत्तर टपालानेच.

खरी मेख या टपालात आहे. जर्मन पत्त्यात रस्ता असतो, घर क्रमांक असतो, पण फ्लॅट नंबर बहुधा नसतो. पोस्टमन खालच्या पेट्यांवरची आडनावं वाचतो. आडनाव नाही म्हणजे तो माणूस इथे राहत नाही, विषय संपला. पत्र आल्या पावली परत. आपल्याकडे 'मारुतीच्या देवळामागे, पिठाच्या गिरणीच्या वर' एवढ्यावर पत्र पोचतं, कारण पोस्टमनकाका चार घरी विचारतात. इथे कुणी कुणाला विचारत नाही.

त्यात माझं आडनाव सहस्रबुद्धे. रोमन लिपीत तेरा अक्षरं, आणि पेटीवर जागा बोटभर. मी वहीचा कागद कापून, सुवाच्य लिहून चिकटपट्टीने लावला. दुसऱ्या दिवशी तो गायब. इमारतीची देखभाल करणारे हाउसमाइस्टर आजोबा जिन्यात भेटले. सगळ्या पाट्या एकसारख्या हव्यात म्हणून त्यांनीच काढला होता.

"तुमची पाटी मागवलीय," ते म्हणाले.

"कधी येईल?"

"टपालाने येईल."

इकडे कचेरीत पगार काढणाऱ्या बाई रोज गोड आवाजात विचारायच्या, "श्रीयुत सहस्रबुद्धे, नंबर आला का?" मला आधी वाटलं, यांना नसती चौकशी. मग एकदा त्यांनी खुर्ची ओढून संगणकच दाखवला. माझ्या पगारातून कर कापून सरकारजमा करणं ही मालकाची जबाबदारी. कमी कापला तर कर खातं मालकाच्याही मानगुटीवर बसतं. माझा नंबर आणि जन्मतारीख घातली की कर खात्याच्या यादीतून माझा करवर्ग त्यांच्या पडद्यावर येतो. नंबरच नाही, तर मी एकटा की लग्नाचा, पहिली नोकरी की दुसरी, त्यांना काय कळणार?

आणि कळलं नाही की लागतो सहावा वर्ग. हा खरा दुसऱ्या नोकरीसाठी. त्यात धरून चालतात की करमाफीची रक्कम पहिल्या नोकरीत वापरून झाली. 2025 साली ही माफी वर्षाला 12,096 युरो, म्हणजे महिन्याला 1,008 युरोंवर कर नाही. सहाव्या वर्गात ही माफी शून्य. माझी एकुलती एक नोकरी, तीही नुकतीच लागलेली, आणि कागदोपत्री मी दोन-दोन नोकऱ्या करणारा बडा असामी!

"पण," बाई म्हणाल्या, "उशिरात तुमचा दोष नसेल, तर तीन महिन्यांपर्यंत मला तुमचा अपेक्षित वर्ग लावता येतो. पाटी लावली आहे ना?"

"मागवलीय," मी म्हणालो, अगदी हाउसमाइस्टरांच्या सुरात. जर्मनीत या उत्तराला फार मान आहे. त्यांनी पहिला वर्ग लावला. सहावा लागला असता तरी जास्तीचे पैसे बुडाले नसते, नंबर आल्यावर हिशेब दुरुस्त होतो. पण घरभाडं तोवर थांबत नाही.

पाटी आली. त्यात एक 'd' कमी होता. हाउसमाइस्टरांनी चष्मा वर करून पाहिलं आणि उरलेली अक्षरं पुरेशी आहेत असा निर्वाळा दिला. पोस्टमनलाही तसंच वाटलं असावं, कारण मागोमाग ते करड्या कागदाचं पाकीट पेटीत पडलं.

रात्री आईला फोनवर सांगितलं, की हा नंबर जन्मभर बदलत नाही, आणि माणूस गेल्यावरही फार तर वीस वर्षं नोंद ठेवतात.

"त्यात काय एवढं," आई म्हणाली, "आपलं विजेचं बिल अजून तुझ्या पणजोबांच्याच नावाने येतंय."