व्हॉल्यूम, ओआय आणि स्ट्राइकवर ‘बसलेले’ लोक

“एक्सपायरीला निफ्टीच्या ज्या स्ट्राइकवर व्हॉल्यूम सगळ्यात जास्त, तिथे सगळ्यात जास्त लोक बसलेत. ओआय वाढला म्हणजे खरेदीदार वाढले. ओआय घटायला लागला की समजायचं, मोठे खेळाडू निघाले, आपणही निघायचं.”

हा मेसेज माझ्याकडे तीन वेगवेगळ्या ग्रुपांतून आला. त्यावर विसंबून खरे पैसे लावणारी माणसं माझ्या ओळखीची आहेत, म्हणून एकेक वाक्य घेऊन सविस्तर लिहितोय. यातलं व्हॉल्यूम म्हणजे दिवसभरात किती लॉटचे सौदे झाले, आणि ओआय म्हणजे ओपन इंटरेस्ट, अजून उघड्या असलेल्या लॉटची संख्या.

पहिल्या वाक्यात गडबड आहे ती ‘बसलेत’ या शब्दात. समजा मंगळवारी सकाळी एका कॉलमध्ये काहीच पोझिशन नाही. अ ने ब कडून 10 लॉट घेतले. दोघांची पोझिशन नवी, त्यामुळे व्हॉल्यूम 10 आणि ओपन इंटरेस्टही 10. अकरा वाजता अ ने ते 10 लॉट क ला विकले. अ मोकळा झाला, त्याच्या जागी क आला. व्हॉल्यूम 20 झालं, ओआय 10 वरच राहिला. दुपारी अ ने तेच लॉट क कडून परत घेतले: व्हॉल्यूम 30, ओआय अजूनही 10. अडीच वाजता अ ने विकले आणि ब ने आपलं शॉर्ट कव्हर करायला तेच उचलले. आता व्हॉल्यूम 40 आणि ओआय शून्य.

माणसं तीन, व्हॉल्यूम 40, आणि शेवटी तिथे कोणीच नाही. दोन्ही बाजू नव्या असतील तर ओआय वाढतो, एक नवी आणि एक जुनी असेल तर तेवढाच राहतो, दोन्ही जुन्या असतील तर घटतो. व्हॉल्यूम मात्र प्रत्येक सौद्याला पुढेच सरकतं. एक्सपायरीच्या दिवशी भावाजवळच्या स्ट्राइकवर दिवसाचं व्हॉल्यूम ओआयच्या दहापट-वीसपट, कधी त्याहूनही जास्त दिसतं. तेच लॉट दिवसभर या हातातून त्या हातात फिरत असतात, आणि त्यातले बरेच हात अल्गोचे असतात. त्या आकड्यावरून माणसं मोजता येत नाहीत.

याच वाक्याच्या आधाराला बऱ्याचदा लाखो कोटींच्या उलाढालीचा आकडा जोडलेला असतो. तो नोशनल असतो, म्हणजे प्रीमियमवर नाही तर स्ट्राइकच्या पूर्ण किमतीवर मोजलेला. 25,000 चा कॉल, 65 चा लॉट आणि एक्सपायरीला प्रीमियम 4 रुपये धरा. घेणाऱ्याच्या खिशातून 260 रुपये जातात, पण नोशनल हिशेबात सव्वासोळा लाख रुपयांच्या वर धरले जातात. पैसा किती आला हे बघायचं असेल तर प्रीमियमची उलाढाल बघा.

मग व्हॉल्यूम बघायचंच कशाला? बाहेर पडता येईल की नाही हे कळायला. हे मी पैसे घालवून शिकलोय. एका शेअरच्या कॉलमध्ये ओआय भरपूर दिसला म्हणून मी 2 लॉट घेतले, व्हॉल्यूमकडे बघितलंच नाही. तीन दिवसांनी विकायला गेलो तर समोर खरेदीचा भाव 3.10 आणि विक्रीचा 6.40. दिवसभरात त्या स्ट्राइकवर जेमतेम डझनभर सौदे झाले होते. ओआय खोटा नव्हता, पण ती सगळी मंडळी महिन्याच्या सुरुवातीला पोझिशन घेऊन स्वस्थ बसलेली होती. मला शेवटी 3.10 ला विकावं लागलं. इन-द-मनी असेल तर प्रकरण आणखी जड जातं, कारण शेअरच्या ऑप्शनमध्ये एक्सपायरीला डिलिव्हरी होते आणि शेवटच्या दिवसांत त्यासाठी मार्जिन वाढत जातं.

दुसऱ्या वाक्याबद्दल फार बोलायला नको. प्रत्येक उघड्या काँट्रॅक्टला एक घेणारा आणि एक देणारा असतो, त्यामुळे ओआय वाढला की दोन्ही बाजू सारख्याच वाढतात. भाव आणि ओआय दोन्ही वाढले की ‘लाँग बिल्डअप’ म्हणायची पद्धत आहे. त्यातून एवढंच कळतं की नवे घेणारे चढ्या भावाला तयार होते. समोरचा विकणारा मंदीवाला असेलच असं नाही. कॅशमध्ये शेअर घेऊन त्याचंच फ्युचर विकणारे आर्बिट्राज फंड ओआय वाढवतात, आणि त्यांना बाजार वर जावो की खाली, फरक पडत नाही.

ओआयमधला प्रत्येक लॉट सारख्या वजनाचाही नसतो. डेल्टा म्हणजे भाव एक रुपयाने हलला तर ऑप्शनचा प्रीमियम किती हलतो ते. भावाजवळच्या कॉलचा डेल्टा साधारण 0.5 असतो, खूप दूरच्या कॉलचा 0.02 असू शकतो. दूरच्या स्ट्राइकवरचे 1,000 लॉट म्हणजे जोखमीच्या हिशेबात 20 फ्युचर, जवळचे 1,000 लॉट म्हणजे 500. ऑप्शन चेनवर दोन्हीकडे आकडा एकच दिसतो. याच कारणाने सेबीने मे 2025 च्या परिपत्रकात पोझिशनच्या मर्यादांसाठी ओआय डेल्टाच्या आधारे मोजायचं ठरवलं. आणखी एक बारकी गोष्ट: काही स्क्रीनवर ओआय लॉटमध्ये असतो, काहींवर शेअरच्या संख्येत. दोन ॲपवरचे आकडे एकमेकांशी ताडून बघताना आधी ते तपासा.

सगळ्यात जास्त नुकसान तिसऱ्या वाक्याने होतं, कारण ते घाबरवतं. एक्सपायरी जवळ आली की चालू महिन्याचा ओआय घटणारच, तो काँट्रॅक्टच संपणार असतो. आकडे मनाचे घेतो: एका शेअरच्या चालू महिन्याच्या फ्युचरचा ओआय चार दिवसांत 40,000 लॉटवरून 12,000 वर आला. नुसतं एवढंच बघितलं तर 28,000 लॉट पळाले असं वाटेल. त्याच चार दिवसांत पुढच्या महिन्याचा ओआय 8,000 वरून 33,000 झाला. बेरीज आधी 48,000 होती, आता 45,000 आहे. निव्वळ घट 3,000 लॉटची, बाकीच्या पोझिशन पुढच्या महिन्यात गेल्या. चालू आणि पुढचा महिना एकत्र केल्याशिवाय `CHNG IN OI` च्या लाल आकड्यावर एकही निर्णय घेऊ नका.

सहभाग कोणाचा, हे खरंच बघायचं असेल तर त्यासाठी वेगळी फाइल आहे. एनएसई रोज संध्याकाळी `fao_participant_oi` आणि `fao_participant_vol` या नावांनी सुरू होणाऱ्या दोन सीएसव्ही फाइल टाकते. त्यात Client, DII, FII आणि Pro अशा चार ओळी असतात आणि प्रत्येकासमोर इंडेक्स फ्युचर, कॉल, पुट असं लाँग-शॉर्ट वेगवेगळं असतं. कोणत्याही प्रकारात चारही ओळींच्या लाँगची बेरीज शॉर्टच्या बेरजेएवढी येते. एकदा स्वतः करून बघा, दुसऱ्या वाक्याचं उत्तर तिथेच मिळेल. मग दोन्ही फाइलमधली Pro ची, म्हणजे स्वतःच्या खात्यावर सौदे करणाऱ्या ब्रोकरांची ओळ शेजारी-शेजारी ठेवा. दिवसभराच्या व्हॉल्यूममध्ये त्यांचा वाटा किती आणि संध्याकाळी हातात ठेवलेल्या पोझिशनमध्ये किती, यातल्या फरकावरून तो दिवस फिरवाफिरवीचा होता की मुक्कामाचा, याचा अंदाज येतो.

या फाइललाही मर्यादा आहे. Client या एकाच ओळीत एक लॉट घेणारा नोकरदार आणि शेकडो लॉट लिहिणारा श्रीमंत गुंतवणूकदार दोघे येतात, आणि स्ट्राइकनुसार फोड तर त्यात अजिबात नसते. त्यामुळे अमुक स्ट्राइकवर ‘मोठे खेळाडू’ बसलेत असं कोणी छातीठोकपणे सांगितलं, तर हे कोणत्या फाइलमध्ये दिसलं एवढं त्याला विचारा.