पुढच्या आठवड्याची हवा आणि ५० वर्षांनंतरचं हवामान

"आठ-दहा दिवसांनी पाऊस पडेल की नाही हे यांना धड सांगता येत नाही, आणि ५० वर्षांनी पृथ्वी किती तापेल ते म्हणे ठाऊक! कसली तापमानवाढ? यंदाची थंडी बघा की. आणि हवा काय, हवामान काय, सगळं एकच. नुसता शब्दांचा खेळ."

असं बोलणं नेहमी कानावर येतं. त्यातल्या शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण गोंधळाचं मूळ तिथेच आहे आणि त्यात आपल्या भाषेचाही वाटा आहे. शाळेच्या भूगोलात हे दोन शब्द वेगळे शिकवतात. आत्ता, इथे वातावरणाची जी स्थिती आहे ती हवा. एखाद्या प्रदेशातल्या हवेच्या अनेक वर्षांच्या नोंदींवरून जी सरासरी दिसते आणि ती हवा साधारण किती कमी-जास्त होते हे जे कळतं, ते हवामान. 'तापमान', 'पर्जन्यमान' यांतलं 'मान' म्हणजे माप, प्रमाण. पण उद्याच्या पावसाच्या भाकितालाही आपण 'हवामानाचा अंदाज'च म्हणतो, म्हणजे बोलताना दोन्हींना एकच शब्द वापरतो. जागतिक हवामान संघटना हवामानाची सरासरी काढायला ३० वर्षांच्या नोंदी धरते. सध्या १९९१ ते २०२० हा काळ धरला जातो. वर्षावर्षातले चढउतार एकमेकांत मिसळून जावेत, इतका तो लांब आहे.

आता पहिला मुद्दा. तो मला प्रामाणिक वाटतो. जवळचं सांगता येत नसेल तर लांबचं कसं सांगता येईल, हा प्रश्न कुणालाही पडेल. त्याचं उत्तर एका अपघाती प्रयोगात आहे.

१९६१ साली एडवर्ड लॉरेन्झ हे हवामानशास्त्रज्ञ एका छोट्या संगणकावर कृत्रिम वातावरण चालवत होते. थोडीच समीकरणं होती आणि त्यांतून दिवसामागून दिवस हवा कशी बदलते ते छापून येत होतं. एक तुकडा पुन्हा बघायचा म्हणून त्यांनी मधल्या एका दिवसाचे आकडे कागदावरून परत भरले. संगणकाच्या आत आकडा होता ०.५०६१२७, कागदावर छापलेला होता ०.५०६. लॉरेन्झ कॉफी प्यायला गेले. परत आले तेव्हा नवी हवा जुन्या हवेशी जुळेनाशी झाली होती. फरक साधारण दर चार दिवसांनी दुप्पट होत गेला आणि दुसऱ्या महिन्यात दोन्हींत काहीच साम्य उरलं नाही.

खऱ्या वातावरणातही हेच होतं. आजची हवा आपण कितीही काटेकोर मोजली तरी दोन मोजणी केंद्रांच्या मधे काय चाललंय त्याचा काही भाग निसटतोच, आणि ती चूक दिवसागणिक फुगते. म्हणून रोजच्या हवेचा तपशीलवार अंदाज साधारण दोन आठवड्यांपलीकडे जात नाही. त्या मर्यादेच्या आत मात्र गेल्या काही दशकांत, दर दशकाला सुमारे एक दिवस आणखी पुढचं तितक्याच खात्रीने सांगता येऊ लागलं आहे. तेवढं श्रेय त्या कामाला द्यायला हवं.

गोष्ट सहसा इथेच थांबवली जाते आणि 'बघा, काहीच सांगता येत नाही' असा निष्कर्ष काढला जातो. पुढचा भाग जास्त मोलाचा आहे. १९६३ साली लॉरेन्झ यांनी खालून तापवलेल्या द्रवाचं वर्णन करणारी फक्त तीन समीकरणं मांडली. ती आज घरच्या संगणकावर कुणालाही चालवता येतात. किंचित वेगळ्या आकड्यांपासून दोनदा सुरुवात करा, थोड्याच वेळात दोन रेषा एकमेकींपासून भरकटतात. मात्र त्याच दोन रेषा खूप वेळ चालू देऊन प्रत्येकीची सरासरी काढा, ती जवळजवळ सारखी येते. आता समीकरणातला, द्रव खालून किती तापतोय हे ठरवणारा आकडा वाढवा. कुठूनही सुरुवात केली तरी सरासरी सरकते, आणि दोन्ही वेळा सारखीच सरकते.

म्हणजे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. हवेचा अंदाज विचारतो, आजपासून सुरुवात केली तर अमुक दिवशी नेमकं काय होईल? त्याचं उत्तर आजच्या स्थितीवर अवलंबून असतं. हवामानाचा अंदाज विचारतो, आत येणारी आणि बाहेर जाणारी उष्णता बदलली तर सरासरी कुठे जाईल? तिथे आजची हवा कशी आहे याने फारसा फरक पडत नाही. सूर्याकडून किती ऊर्जा येते आणि वातावरणातले वायू किती अडवून धरतात, यावर ते ठरतं.

कागदावर हे ठीक आहे, प्रत्यक्षात पडताळलं कुणी? १५ जून १९९१ रोजी फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला. अंदाजे दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड ढगांच्याही वर, स्थितांबरात गेला. तिथे त्याचे बारीक कण होऊन पृथ्वीभर पसरले आणि थोडा सूर्यप्रकाश परतवू लागले. आत येणारी ऊर्जा कमी झाली, म्हणजे खालची आच कोणीतरी मंद करावी तसं. नासातले जेम्स हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी संगणकावर हवामानाची नक्कल करणाऱ्या प्रतिमानात हे कण घालून बघितले आणि जानेवारी १९९२ मध्ये छापून जाहीर केलं, की पृथ्वीचं सरासरी तापमान सुमारे अर्धा अंश सेल्सिअस उतरेल, १९९२ च्या अखेरीस सर्वांत जास्त, आणि मग कण खाली बसले की पुन्हा चढेल. १९९२ मध्ये ते साधारण तेवढंच उतरलं आणि १९९५ पर्यंत पुन्हा वर आलं. त्या वर्षांतल्या एकाही दिवसाचा पाऊस त्या प्रतिमानाला सांगता आला नसता. उद्रेक कधी होणार हेही त्याला माहीत नव्हतं. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मात्र आधी दिलं गेलं आणि ते बरोबर आलं.

थंडीचं म्हणाल तर ती खरीच असते, ती पडली नाही असं कोणी म्हणत नाही. पण ती एका भागातली, काही दिवसांची हवा असते. फेब्रुवारी २०१५ मध्ये अमेरिकेच्या पूर्व भागात कडाक्याची थंडी होती आणि वॉशिंग्टनला सिनेटमध्ये एका सदस्याने तापमानवाढ खोटी ठरवायला बर्फाचा गोळा आणून दाखवला. त्या वर्षाच्या शेवटी संपूर्ण पृथ्वीची सरासरी काढली तेव्हा २०१५ हे तोवरच्या नोंदींतलं सर्वांत उष्ण वर्ष निघालं. त्या देशाने पृथ्वीच्या पृष्ठभागाचा जेमतेम दोन टक्के भाग व्यापलाय, आणि तोही सगळा गारठलेला नव्हता. सरासरी सरकली तरी थंड दिवस येतच राहतात, ते विरळ होत जातात. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर २००० नंतरच्या दशकात उष्णतेचे नवे उच्चांक थंडीच्या नव्या नीचांकांच्या सुमारे दुप्पट नोंदले गेले. विसाव्या शतकाच्या मध्यावर हे प्रमाण जवळपास बरोबरीचं होतं.

हवामानाच्या अंदाजालाही मर्यादा आहेत, आणि त्या लपवल्या तर उलट संशयच वाढेल. ५० वर्षांनी माणसं किती कोळसा आणि तेल जाळतील हे भौतिकशास्त्र सांगू शकत नाही. म्हणून एकच आकडा न देता 'इतकं जाळलं तर इतकं' असे वेगवेगळे अंदाज दिले जातात. एखाद्या छोट्या प्रदेशात पाऊस किती बदलेल हे जगाच्या सरासरी तापमानापेक्षा खूपच कमी खात्रीने सांगता येतं. आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी अखेरीस किती तापेल, याचा २०२१ च्या आंतरराष्ट्रीय अहवालातला संभाव्य पल्ला अडीच ते चार अंश सेल्सिअस आहे. हा पल्ला इतका रुंद असण्याचं मोठं कारण म्हणजे ढग. खालचे दाट ढग ऊन परतवून पृथ्वी थंड ठेवतात, वरचे विरळ ढग उष्णता अडवतात, आणि पृथ्वी तापल्यावर कोणते किती कमी-जास्त होतील यावर आजही काम चालू आहे.