उडी डोळ्याआधी कानाला कळते

मुलाखतीतला कट झाकायला जोडावर दुसरा शॉट टाका, असं मी सांगितलं होतं. त्यावर एक प्रतिक्रिया: "मुलाखतीतला कट झाकायला मध्येच हात-बित दाखवणं ही सरळ फसवणूक आहे. आणि तुम्ही सांगितलं तसं करूनही माझा जोड कळतोच. मग दिसू द्या की उडी!"

आधी जोडाचं बघू. तो कळतोय तो बहुतेक आवाजामुळे. समजा, तांबट आळीतले एक काका सांगतायत, "पहाटेपासून ठोके पडायचे आळीत," मग बारा सेकंद भाचीच्या लग्नाबद्दल, आणि मग "आता हाताने मठारायला पोरं तयार नाहीत." लग्न काढलं की मान डावीकडून टुणकन उजवीकडे जाते, हीच ती उडी. ते झाकणं सोपं. पण मागे शेजारच्या घरातली ठोकाठोक चालू असते ना, तिचा ताल जोडावर अडखळतो, आणि वरती कितीही सुंदर शॉट टाका, कान ते पकडतोच.

म्हणून आधी डोळे मिटून नुसता आवाज जोडा. श्वास एकच ठेवा, शक्यतो दुसऱ्या वाक्याआधीचा. जोडावर दोन-तीन फ्रेमचा क्रॉसफेड द्या. दुसरं वाक्य थोडं मागेपुढे सरकवून मागचा ठोका तालात बसवा आणि मध्ये पडलेली फट त्याच खोलीच्या रिकाम्या आवाजाने भरा. त्यासाठी मुलाखत संपल्यावर सगळ्यांना गप्प बसवून अर्धा मिनिट रेकॉर्ड केलेलं असावं. तो आवाज घ्यायला विसरलात तर एडिटला बसल्यावर हाल होतात.

आता चित्र. झाकणारा शॉट नेमका जोडावरच सुरू केलात तर डोळा आणि कान एकदमच दचकतात. २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर जोडाच्या १५-२० फ्रेम आधी सुरू करा, जोडानंतर दोनेक सेकंद चालू द्या, आणि काकांच्या चेहऱ्यावर परत याल ते वाक्य चालू असताना.

दाखवायचं काय? हातोडी दोन-तीन ठोके मारते, हात भांडं जरा फिरवतो, पुन्हा ठोका: एवढी छोटी क्रिया पुरते. फक्त दिसणारा ठोका आणि ऐकू येणारा ठोका एकाच फ्रेमवर हवा, आणि तो शब्दावर पडू नये, नाहीतर व्यंजन गिळलं जातं. बोलताना हलणारे काकांचे हात मात्र टाळा. हातवारे बोलण्याच्या आघातावर पडतात. भलत्याच वाक्यावर ठेवले की डबिंगसारखे दिसतात. मांडीवर स्वस्थ असलेले चालतील.

फसवणुकीचं म्हणाल, तर लग्न काढल्याने काकांचं म्हणणं बदलत नाही. पण ते पुढे "माझा पुतण्या शिकतोय म्हणा" असं म्हणाले असतील आणि तुम्ही तेच कापलंत, तर तुमचा आक्षेप शंभर टक्के मान्य. मग उडी उघडी ठेवूनही ती लबाडीच. तसंच, "पोरं तयार नाहीत" या वाक्यावर सुट्टीच्या दिवशी शूट केलेलं कुलूपबंद दुकान टाकू नका. दुकान बंद पडलं असं काका कुठेच म्हणालेले नाहीत.