नंबर आहे म्हणून पेन खरं?

आज सकाळी ओळखीतल्या एका मुलाने फोटो पाठवले. "काका, मोंब्लाँचं १४६ पेन चौदा हजारात मिळालं! डबा, पुस्तिका, क्लिपच्या कडीवर नंबर, सगळं आहे." फोटो पाहिले आणि जीव तुटला. पोराचे पहिल्या पगाराचे पैसे होते हो!

हे नंबराचं खूळ आता थांबवा. क्लिपच्या कडीवर नंबर कोरायला कितीसा खर्च येतो? नकली पेनांवर तर एकच नंबर शेकडो नगांवर असतो. तो नंबर नेटवर शोधला, तर तसलीच आणखी पेनं सापडतात.

माझा मामा बोटीवर इंजिनिअर होता. १९८६ साली हॅम्बुर्गला बोट लागली तेव्हा त्याने १४६ घेतलं. मामा गेल्यावर मामी ते घेऊन एका दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, "नंबर नाही, क्लिपखाली 'पिक्स' हा शब्द कोरलेला नाही. नकली आहे. दोन हजार देतो." मामी देऊनही टाकणार होती! नंबर आणि पिक्स आले १९९०च्या दशकात. मामाच्या कडीवर 'डब्ल्यू-जर्मनी' आहे, म्हणजे एकीकरणाआधीचा पश्चिम जर्मनी. त्या काळच्या पेनावर नंबर नसणारच.

मग फोटोत बघायचं काय? आधी निब. मामाच्या निबेवर ४८१० हा आकडा, मोंब्लाँ शिखराची मीटरमधली उंची, धारदार कोरलेला आहे. खाली १४ कॅरट आणि ५८५ स्वच्छ वाचता येतं. मुलाच्या फोटोत तोच आकडा उथळ, कडा विरघळल्यासारख्या. टोपणाच्या पट्ट्यावर 'माइस्टरश्टुक'मधल्या यूवरची दोन टिंबं एकमेकांत मिसळलेली. क्लिप पत्रा दाबून वाकवल्यासारखी, कडीशी फट राहिलेली.

आणि शेवटच्या फोटोत पेन मधून उघडून आत कन्व्हर्टर, म्हणजे शाई भरायची सुटी नळी, दाखवलाय! १४६ पिस्टनचं पेन आहे. शेपटीची मूठ फिरवून शाई ओढतं. तिथे कन्व्हर्टर असायचं कारणच नाही. याच घराण्यातल्या लहान १४५मध्ये कन्व्हर्टर असतो, हे खरं, पण मग ते १४६ म्हणून विकू नका ना.

डबा? रिकामे अस्सल डबे वेगळे विकले जातात. त्यांच्या भरवशावर पेन घेऊ नका. सेवा-पुस्तिकेवर विक्रेत्याचा शिक्का आणि तारीख असली, तरी ती याच पेनाची कशावरून?

निब बदललेलं खरं पेनही असतं, आणि फोटोवरून दर वेळी छातीठोक सांगता येत नाही, मान्य. पण निबेचा जवळून फोटो मागितल्यावर जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊच नका.

मुलाला रागावलो नाही. पैसे परत मागायला सांगितलंय, मजकूर मीच लिहून दिला. संध्याकाळी मामीकडे जाणार आहे, तिच्या पेनाच्या निबेचा जवळून फोटो काढायला. मुलाला दोन्ही शेजारी ठेवून दाखवेन.