नोडवर शिक्का कधी मारायचा? एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखात मी ०-१ बीएफएस सांगितला होता: प्रत्येक एजचा खर्च ० किंवा १ असेल, तेव्हा सगळ्यात स्वस्त वाट शोधायला दोन्ही टोकांनी उघडी असलेली रांग, म्हणजे डेक, वापरायची; ० ने पोचणारा शेजारी पुढून आत टाकायचा, १ ने पोचणारा मागून. त्यावर आलेली एक प्रतिक्रिया आणि तिचं उत्तर.

प्रतिक्रिया: "नोड डेकमधून बाहेर काढतानाच त्याला visited म्हणायचं, आत टाकताना नाही, यावर तुम्ही दोन परिच्छेद खर्च केलेत. साध्या बीएफएसमध्ये आपण आत टाकतानाच शिक्का मारतो आणि काही बिघडत नाही. मी इथेही तेच केलं. जाळीतून पलीकडे जायला कमीत कमी किती अडथळे पाडावे लागतील, हा प्रश्न त्या कोडने सगळ्या टेस्टमध्ये पास झाला. उगाच घाबरवता कशाला? आणि एवढं जपायचंच असेल तर सरळ डायक्स्ट्रा का लिहू नये?"

उत्तर:

तुमचा कोड पास झाला यात मला काहीच नवल वाटत नाही. त्या प्रश्नात तो चुकूच शकत नाही. पण का चुकत नाही हे पाहिलं, की पुढच्या प्रश्नात तो कुठे तोंडघशी पडेल तेही दिसतं.

अडथळ्यांच्या जाळीत खर्च कशावर ठरतो? ज्या चौकोनात शिरायचं त्याच्यावर. चौकोन मोकळा असेल तर ०, अडथळा असेल तर १. तुम्ही डावीकडून शिरा की वरून, त्या चौकोनाचा दर एकच. डेकमधून नोड अंतराच्या चढत्या क्रमाने बाहेर पडतात, त्यामुळे एखाद्या चौकोनाला सगळ्यात आधी हात लावणारा शेजारी हा त्याच्या शेजाऱ्यांपैकी सुरुवातीच्या चौकोनाला सगळ्यात जवळचा असतो (बरोबरीत कुणी असेल तर फरक पडत नाही). दर सगळ्यांना सारखाच, म्हणजे नंतर येणारा कुणीही त्यापेक्षा स्वस्त भाव देऊ शकत नाही. म्हणून आत टाकतानाच मारलेला शिक्का इथे पक्का ठरतो.

आता दर शिरण्यावर नाही, निघण्यावर ठरवू. प्रत्येक चौकोनात एक बाण काढलेला आहे. बाणाच्या दिशेने गेलं तर खर्च ०, बाकी कुठल्याही दिशेने गेलं तर १. फक्त चार चौकोन घ्या:

```
→ ↓
↑ ←
```

सुरुवात वरच्या डाव्या चौकोनातून, जायचंय खालच्या डाव्या चौकोनात. सरळ खाली उतरलं तर बाण मोडावा लागतो, खर्च १. बाणांच्या मागे मागे वळसा घेतला तर उजवीकडे, खाली, डावीकडे, खर्च ०. बरोबर उत्तर ०.

तुमच्या पद्धतीने चालवून बघू. पहिला चौकोन बाहेर आला. त्याने उजव्या शेजाऱ्याला अंतर ० देऊन पुढून आत टाकलं आणि खालच्याला, म्हणजे आपल्या मुक्कामाच्या चौकोनाला, अंतर १ देऊन मागून. दोघांवर शिक्का बसला. मग वरचा उजवा बाहेर आला, त्याने खालच्या उजव्याला ० देऊन पुढे टाकलं. तो बाहेर आला आणि मुक्कामाच्या चौकोनाकडे वळला: माझ्याकडून ये, ० लागेल. पण तिथे आधीच शिक्का! तो गप्प मागे फिरला आणि उत्तर १ आलं.

साध्या बीएफएसमध्ये हा प्रसंग येत नाही, कारण तिथे प्रत्येक एजचा दर एकच असतो आणि पहिली भेट हीच सगळ्यात स्वस्त भेट असते. इथे पहिली भेट म्हणजे नुसता प्रस्ताव. नोड पुढून बाहेर पडेपर्यंत त्याहून चांगला प्रस्ताव येऊ शकतो, आणि आला तर तो घ्यायलाच हवा:

```python
while dq:
    u = dq.popleft()
    if done[u]:
        continue
    done[u] = True
    for v, w in adj[u]:
        if dist[u] + w < dist[v]:
            dist[v] = dist[u] + w
            if w == 0:
                dq.appendleft(v)
            else:
                dq.append(v)
```

यात मुक्कामाचा चौकोन डेकमध्ये दोनदा जातो: आधी मागे अंतर १ सह, नंतर पुढे अंतर ० सह. दोनच्या वर मात्र कुठलाही नोड जात नाही. सध्या बाहेर पडणाऱ्या नोडचं अंतर d असेल, तर डेकमध्ये पुढे d वाले आणि मागे d+१ वाले एवढेच असतात. त्यामुळे एखाद्याचं अंतर फार तर d+१ वरून d वर उतरेल. त्याच्याही खाली उतरवणारा कुणी उरलेलाच नसतो, कारण d पेक्षा जवळचे सगळे आधीच निघून गेलेले असतात. मागे पडून राहिलेली शिळी नोंद नंतर बाहेर आली, की `done` तिला तिथेच परत पाठवतो. गंमत म्हणजे `done` अजिबात ठेवला नाही तरी उत्तर बरोबरच येतं. शिळी नोंद तिचे एज पुन्हा एकदा चाळते, तिला काही सुधारता येत नाही, आणि थोडा वेळ जातो, इतकंच. जपायचं ते `<` हे चिन्ह. तिथे चुकून `<=` पडलं, `done` ठेवलेला नसला आणि दोन नोडमध्ये दोन्ही बाजूंनी ० चे एज असले, तर ते एकमेकांना पुढून आत ढकलत बसतात आणि लूप कधीच संपत नाही.

चूक झाली आहे हे ओळखायचं कसं? बाहेर पडणारी अंतरं चढत्या क्रमात आहेत ना, अशी तपासणी बरेच जण लावतात. ती इथे कामाची नाही. तुमच्या कोडमध्येही अंतरं अगदी शिस्तीत चढतात, फक्त त्यातली काही चुकीची असतात. त्यापेक्षा शेवटी सगळ्या एजवरून एक फेरी मारा:

```python
for u in range(n):
    for v, w in adj[u]:
        assert dist[v] <= dist[u] + w
```

`dist` मधला प्रत्येक आकडा कुठल्या तरी खऱ्या वाटेने आलेला असतो, म्हणजे तो खऱ्या अंतरापेक्षा कमी असूच शकत नाही. वर ही फेरीही बिनतक्रार पार पडली, तर तो जास्तही नाही. वरच्या चार चौकोनांवर तुमचा कोड चालवलात, तर खालच्या उजव्याकडून डावीकडे जाणाऱ्या एजवर ही फेरी अडेल: १ <= ० + ० खोटं आहे.

राहिला डायक्स्ट्रा. खुशाल लिहा, उत्तर बरोबर येईल. दहा लाख चौकोनांच्या जाळीत हीपमधल्या एका नोंदीला जास्तीत जास्त वीसेक पायऱ्या चढाव्या-उतराव्या लागतात, डेकमध्ये दोन्ही टोकांना एकेका पायरीत काम होतं. वेळेची मर्यादा सैल असेल तर हा फरक जाणवणारही नाही. पण वरचा कोड डायक्स्ट्राच आहे. पुढे ० वाले, मागे १ वाले, एवढ्यावरच रांग आपोआप क्रमात राहते, म्हणून हीपची गरज उरत नाही. आणि डायक्स्ट्रामध्ये नोड हीपमध्ये टाकतानाच पक्का केलात, तर तिथेही हेच चुकीचं १ मिळेल. मुक्कामाचा नोड आत टाकताक्षणी उत्तर परत करणं ही त्याच चुकीची दुसरी आवृत्ती. थांबायचं ते तो बाहेर पडल्यावर.

ही युक्ती ० आणि ५ अशा दरांनाही चालते, कारण डेकमध्ये तेव्हा d आणि d+५ असे दोनच थर असतात. १ आणि २ ला चालत नाही. १ वाला पुढून टाकलात तर तो अजून बाकी असलेल्या d वाल्यांच्या पुढे घुसतो. अशा वेळी २ च्या एजमध्ये एक खोटा नोड घालून त्याचे १-१ असे दोन तुकडे करा आणि साधा बीएफएस चालवा.

एक चूक मात्र माझी. मूळ लेखात मी या पद्धतीला "बीएफएसमध्ये दोन ओळींचा बदल" असं म्हटलं होतं. ते वाचून शिक्काही बीएफएससारखाच मारावासा वाटणं साहजिक आहे. ते वाक्य आज काढलं आणि त्या जागी हे चार चौकोन घातले.